फोटोतल्या खांबावर डीपी कोणती, एबी स्विच कोणता अन् डीओ कोणता

प्रश्न : साहेब, रस्त्याकडच्या खांबाचा फोटो टाकला आहे. परवा रात्रीच्या वाऱ्यापासून मोटर नुसती गुणगुणते, उचलत नाही. आमच्या अन् बाजूच्या कोठ्यातला पिवळा बल्ब मंद जळते, पलीकडच्या काकाचा बरोबर जळते. खांबावर एक नळी लटकून आहे. सगळे म्हणतात डीपी जळाली, वर्गणी करा. हरभऱ्याला स्प्रिंकलर लावायचे होते. काय करावं? – एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर :

भाऊ, वर्गणी आधी थांबवा. तुमच्या फोटोत जे लटकलं आहे ते डीपी नाही, तो डीओ आहे, म्हणजे फ्यूज. आपल्याकडं घोळ असा होतो की दोन खांबांच्या मधात जे काही दिसते त्या सगळ्यालाच आपण डीपी म्हणतो, अन् मग लाईनमनला फोनवर डीपी जळाली सांगितलं की तो रोहित्र बदलायच्या हिशोबानं विचार करते, अन् काम असते एका फ्यूजच्या तारेचं.

फोटो पाहताना मधातून सुरुवात करू नका, वरून तार धरून खाली या. वीज ज्या रस्त्यानं येते त्याच रस्त्यानं नजर न्यायची. सगळ्यात वर तीन तारा आहेत, ती 11 केव्हीची लाईन. तिथून तारा उतरल्या की पहिले लागते तो एबी स्विच, कागदावर त्याला आयसोलेटर म्हणतात. ओळखायची खूण चिनी मातीचे पेले नाही, पेले तर सगळीकडंच असतात. खूण आहे लोखंडी पाइप. तिन्ही फेजच्या पात्या एकाच आडव्या पाइपाला जोडलेल्या असतात अन् तिथून एक उभा पाइप खांबाला धरून खाली येते, खाली हँडल, बहुतेक कुलूप लावलेलं. तुमच्या फोटोत उजव्या खांबाला चिकटून जी सरळ रेघ दिसते ना, गुळवेल चढली आहे तिच्या बाजूनं, तोच तो पाइप. (ती गुळवेलही लाईनमनला दाखवा, पण स्वतः ओढू नका, वेल ओली असली की तिच्यातूनही करंट येते.) हँडल फिरवलं की तिन्ही पात्या सोबतच उघडतात नाहीतर सोबतच बसतात, एकटी एक उघडत नाही. तुमच्या फोटोत तिन्ही बसलेल्या दिसतात, म्हणजे स्विच चालू.

त्याच्या खाली डीओ. इथं तीन वेगवेगळ्या नळ्या असतात, साधारण हातभर, प्रत्येक आपापल्या इन्सुलेटरवर वरच्या अन् खालच्या पकडीत थोडी तिरपी अडकवलेली. एकमेकीला जोडणारा पाइप नाही, हाच एबी स्विचपासूनचा फरक. नळीच्या आत फ्यूजची तार ताणून बसवलेली असते, ती वितळली की ताण सुटते, वरची पकड सोडते अन् नळी खालच्या बिजागरीवर उलटून लटकते. मुद्दाम तशीच बनवलेली आहे, लाईनमनला रस्त्यावरूनच कळावं की कोणता फेज गेला. तुमच्या डावीकडची नळी तशीच उलटी आहे, बाकी दोन तिरप्या जागेवर. तिन्ही लटकलेल्या असत्या तर मी आधी विचारलं असतं की लाईनमननं कामासाठी खोलून ठेवल्या का. जुन्या काही डीपीवर नळीच्या जागी दोन वाकड्या शिंगांमधात नुसती तार असते, त्याला हॉर्न गॅप म्हणतात, काम फ्यूजचंच, पण ते पडत नाही, तार तुटली हे फोटोत झूम करूनही कधी दिसते कधी नाही.

अन् डीपी म्हणजे खरं रोहित्र ते खालचं राखाडी तेलाचं डबडं, बाजूनं पत्र्याच्या पट्ट्या नाहीतर नळ्या थंड व्हायला. त्यावर तीन उंच पेले 11 केव्हीचे अन् चार बुटके, तीन फेज एक न्यूट्रल. त्याच्याही खाली पत्र्याची पेटी, तिच्यात किटकॅट, म्हणजे खालच्या बाजूचे फ्यूज. पेटीलाही लोक डीपीच म्हणतात, असो.

आता तुमच्या बल्बाची गोष्ट, कारण फोटोपेक्षा तीच जास्त बोलते. डीओ एक गेला की रोहित्राला तीनपैकी दोनच तारांतून वीज मिळते, आतली गुंडाळी त्रिकोणात जोडलेली असते, म्हणून एक गुंडाळी पूर्ण दाबावर राहते अन् उरलेल्या दोघी मिळून तोच दाब वाटून घेतात. खाली एका फेजवर 230–240 व्होल्ट अन् दोन फेजवर साधारण निम्मे येतात. म्हणून तुमचे दोन कोठे मंद अन् काकाचा बरोबर, ते दुसऱ्या फेजवर आहेत. हेच खालच्या पेटीतला एक किटकॅट उडाला असता तर एक फेज पूरा बंद पडला असता अन् बाकी दोन चांगले चालले असते. एक मंद-मंद-चांगला, दुसरं बंद-चांगला-चांगला, इतकं लक्षात ठेवलं तरी लाईनमनचा अर्धा वेळ वाचते. फक्त बल्ब पिवळा पाहिजे, एलईडी निम्म्या व्होल्टवरही चांगला जळू शकते, त्याच्यावर जाऊ नका.

मोटर मात्र बंदच ठेवा, ऑटोस्विचही काढून ठेवा. अशा विजेवर गुणगुणत राहिली तर काही मिनिटांतच गुंडाळी जळू शकते, मग खरंच रिवाइंडिंगची वर्गणी लागेल, एकट्याची.

फोटोतून न कळणारं पण एक आहे. फ्यूज उगाच उडत नाही. वाऱ्यात तारा भिडल्या असतील, खार-पाखरू आलं असेल, तर नवी तार टाकली की काम झालं. पण नवी तार टाकताच परत उडाली तर रोहित्राच्या आत बिघाड असू शकते, ते बाहेरून दिसत नाही, मेगर नावाचं तपासायचं यंत्र लावूनच कळते. टाकीवर तेल ओघळलेलं असलं किंवा पेला तडकलेला असला तर शंका आधीच घ्यायची. तुमच्या फोटोत टाकी कोरडी वाटते, पण फोटो संध्याकाळचा आभाळासमोर काढला आहे, खालचं सगळं काळं आलं. उद्या सकाळी सूर्य पाठीमागं ठेवून, रस्त्याच्या पलीकडच्या कडेवरून, एक पूर्ण खांबाचा अन् एक बाजूनं झूम करून काढा, बाजूनं काढला की नळीचा तिरपेपणा दिसते. खांबाखाली जाऊ नका.

अन् बांबूनं ती नळी वर लावायचा प्रयत्न कोणी करत असेल तर त्याला अडवा. नळी लटकली तरी तिची वरची पकड 11 केव्हीला जोडलेलीच आहे, ओला बांबू म्हणजे तारच. एबी स्विच पाडला तरी त्याच्या वरच्या बाजूला वीज राहतेच, अन् एखादी पाती कधी चिकटूनही राहते, म्हणून हँडलही लाईनमनच्याच हातचं.

लाईनमनला नाहीतर 1912 ला फोन लावून असं सांगा : अमुक गावचा रस्ता, खांबावर रंगवलेला डीपीचा नंबर, एबी स्विच चालू आहे, रस्त्याकडून पाहता डावीकडचा एक डीओ पडला, दोन फेज मंद एक बरोबर, रोहित्रातून तेल गळताना दिसत नाही. हरभऱ्याचं म्हणाल तर काळ्या जमिनीत दोन-तीन दिवस पाणी मागं गेलं तरी काही बिघडत नाही, उलट घाईत जास्त झालं तर मर लागते.