तिमाही चक्रवाढीचं उत्तर कसं पडताळायचं?

प्रश्न: १ लाख रुपये, दर ८ टक्के, मुदत २ वर्षं. माझ्या हिशेबाने १,१६,६४० होतात, पण मुदत ठेवीच्या पावतीवर १,१७,१६६ लिहिलंय. चूक कोणाची?

पावती बरोबर आहे. तुम्ही व्याज वर्षातून एकदाच मुदलात मिळवलंत. आपल्याकडे बँका मुदत ठेवीवर सहसा दर तिमाहीला ते मिळवतात. त्यामुळे दर ८ भागिले ४, म्हणजे तिमाहीला २ टक्के, आणि २ वर्षांच्या तिमाह्या ८. रास काढायला १.०२ चा आठवा घात हवा. आठ वेळा गुणत बसू नका, तीनदा वर्ग करा: १.०२ चा वर्ग १.०४०४, त्याचा वर्ग १.०८२४३२, त्याचा वर्ग १.१७१६५९. लाखाने गुणलं की १,१७,१६६.

पण हे झालं तेच गणित पुन्हा करणं. खरी पडताळणी म्हणजे वरचे ५२६ रुपये आले कुठून, हे वेगळ्या वाटेने काढून बघणं.

पहिलं वर्ष घ्या. पहिल्या तिमाहीचं व्याज २,०००. त्यावर पुढच्या तीन तिमाह्यांत २ टक्क्यांनी ४०-४० रुपये, म्हणजे १२० मिळतात. दुसऱ्या तिमाहीच्या २,००० वर दोनदा मिळून ८०, तिसऱ्यावर ४०, चौथ्यावर काहीच नाही. झाले २४०. या चाळीसांवरही थोडं व्याज चढतं, ते तीन-सव्वातीन रुपये. म्हणजे वर्षाला ८,००० ऐवजी ८,२४३. हे जादा २४३ दुसऱ्या वर्षी ८ टक्क्यांनी २६२ होतात, आणि दुसऱ्या वर्षाची जादा कमाई मोठ्या मुदलावर, १,०८,००० वर, म्हणून तीही २६२ च्या आसपास. बेरीज साधारण ५२५. पावतीतला फरक ५२६, उरलेला रुपया आपण सोडलेल्या अपूर्णांकांचा. जुळलं!

मुलांच्या वह्यांत दोन चुका नेहमी दिसतात. दर चौथाई केला पण घात २ च ठेवला, तर १,०४,०४० येतात. साध्या सरळव्याजानेही १,१६,००० होतात, तेव्हा हे उत्तर तिथेच बाद. उलट घात ८ केला पण दर ८ टक्केच ठेवला, तर १,८५,०९३. हे तर उघडच अशक्य, कारण रोज, अगदी क्षणाक्षणाला व्याज मिळवलं तरी या रकमेची मजल १,१७,३५१ च्या पुढे जात नाही. तुमचं उत्तर १,१६,६४० आणि १,१७,३५१ यांच्या मधेच पडायला हवं.

पावतीवर एक गोष्ट मात्र बघून घ्या: व्याज मुदतीअखेर मिळणार आहे की दर तिमाहीला खात्यात जमा होणार आहे. तिमाहीला हातात येत असेल तर मुद्दल वाढतच नाही, आणि दोन वर्षांत व्याज १६,००० च मिळतं. पोस्टाच्या टाइम डिपॉझिटमध्ये व्याज तिमाही चक्रवाढीने मोजतात पण देतात वर्षाला, म्हणून तिथे याच दराने दरवर्षी ८,२४३ धरा.