पंधरा फुटी प्लॉट आणि जिन्याची जागा

प्रश्न: गावात आमचा १५ बाय ४० चा प्लॉट आहे, दोन्ही बाजूंना घरं चिकटून. नेटवर तयार प्लॅन मिळतात, त्यातलाच एक घेऊ की आर्किटेक्टकडे जाऊ? घरात आम्ही दोघं आणि आई.

आर्किटेक्टकडे जा. आम्हीही तिघंच, मी, नवरा आणि सासूबाई. आमची जागा कराडच्या जुन्या पेठेतली, वाड्याच्या वाटणीत आलेली. पूर्वेला रस्ता, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. कागदावर १५ बाय ४२. लग्नाला दोन वर्षं झाली होती, भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो आणि घाई झाली होती. नवऱ्याने नेटवरून प्लॅन उतरवून घेतला होता आणि ठेकेदार म्हणत होता, सोमवारी चुना टाकू.

एका मैत्रिणीच्या आग्रहाने आर्किटेक्ट मॅडमना जागा दाखवली. त्यांनी प्लॅन पाहिलाच नाही, आधी टेप काढला. पुढची रुंदी निघाली १५ फूट ३ इंच, मागची १४ फूट ७ इंच. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजले, तेही सारखे नव्हते. म्हणजे जागा मागे निमुळती होत गेली होती आणि तिरकीही होती. शेजाऱ्याच्या भिंतीवर आपला स्लॅब टेकवता येत नाही, आपले कॉलम आणि आपली भिंत वेगळीच उभी करावी लागते. दोन्हीकडच्या भिंती आणि गिलावा जाऊन मधोमध आत उरत होते साडेतेरा फूट. नेटवरच्या प्लॅनमध्ये सरळ पंधरा धरले होते, शिवाय बाजूला दोन खिडक्या दाखवल्या होत्या. त्या उघडणार होत्या शेजाऱ्याच्या भिंतीत.

"खोल्या नंतर बघू," मॅडम म्हणाल्या, "आधी जिना कुठे ते ठरवू." तेव्हा हे काही पटलं नाही. आमच्या डोक्यात हॉल केवढा, बेडरूम किती, एवढंच होतं.

ठेकेदाराने जिना पुढे धरला होता. मॅडमनी आमच्यासमोर पेन्सिलने तो काढून दाखवला. पुढची निम्मी रुंदी जिन्यात गेली, बैठकीला सात फूट उरले. वर गेल्यावर मागच्या खोलीकडे जायला वीस फूट लांब, तीन फूट रुंद बोळ लागत होता. आणि खालची मधली खोली भर दुपारीही दिवा लावल्याशिवाय वापरता आली नसती. मग जिना मागे नेऊन पाहिला. तिथे स्वयंपाकघराचा उजेड गेला आणि वर जायला प्रत्येकाला ओट्याशेजारून जावं लागलं.

तिसऱ्या भेटीत त्यांनी जिना घराच्या मध्यावर आडवा टाकला. हिशेब सोपा आहे. मजल्याची उंची दहा फूट, म्हणून अठरा चढ, प्रत्येक चढ पावणेसात इंचांच्या आत. नऊ-नऊचे दोन टप्पे. नववा चढ लँडिंगवर किंवा मजल्यावरच पोचतो, म्हणून एका टप्प्यात दहा इंची आठच पायऱ्या. त्या आणि तीन फुटांचं लँडिंग मिळून ९ फूट ८ इंच. साडेतेरा फुटांतून ते गेले तरी पावणेचार फूट उरतात. तीच ये-जा करायची वाट आणि तिथूनच जिना चढायचा. दोन टप्पे प्रत्येकी तीन फूट आणि मध्ये फूटभर फट, म्हणजे घराच्या लांबीतले फक्त सात फूट गेले. बोळ संपला. वर पोचलं की पुढची खोली एका हाताला, मागची दुसऱ्या हाताला.

याच सात फुटांतून उजेड आला. गच्चीवर जिन्याची खोली होणारच होती, ती त्यांनी जरा उंच घेतली. डोक्यावर काच टाकली नाही, कारण सपाट काच उन्हाळ्यात तापते आणि सांध्यांतून गळते. वर स्लॅब आणि बाजूंना झडपा केल्या. पश्चिमेकडून पावसाची झड येते म्हणून तेवढ्या बाजूला पक्की काच. पहिल्या मजल्यावर वाटेच्या जागी स्लॅबऐवजी लोखंडी जाळी टाकली, म्हणून उजेड खालपर्यंत उतरतो आणि गरम हवा वर निघून जाते. याचा तोटाही आहे. कुकरची शिट्टी वरच्या खोलीत ऐकू येते आणि जाळी दर आठवड्याला झाडावी लागते, नाहीतर खाली धूळ पडते.

राहिला खोल्यांचा प्रश्न. आम्ही हॉलवर अडून बसलो होतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना खालीच खोली हवी होती आणि खाली फक्त दोन खोल्या बसत होत्या. मॅडमनी आम्हाला सोडून त्यांनाच विचारलं, "आई, वाड्यात तुम्ही दिवसभर कुठे बसायचात?" त्या म्हणाल्या, "सोप्यात. रस्ता दिसायचा." तिथेच प्लॅन सुटला. पुढची बारा फुटांची खोली सोपा झाली. खिडकीशी आईंची कॉट, पाहुणे आले तर तिथेच बसतात. मागची खोली स्वयंपाकघर, त्यातच जेवणाचं टेबल. आम्ही सगळे खरं तर तिथेच असतो. तिच्यामागे चार फूट परस मोकळं ठेवलं. हॉल नावाची खोली आमच्या घरात नाही.

संडास जिन्याखाली करू, असं ठेकेदाराचं म्हणणं होतं. लँडिंग जमिनीपासून पाच फुटांवर येतं, खालून स्लॅबची जाडी वजा केली की साडेचार फूट उरतात. तिथे माणूस उभा राहू शकत नाही. आता तिथे धान्याचे डबे आहेत. संडास सोप्याच्या कोपऱ्यात आला, कारण नगरपालिकेची ड्रेनेज लाइन समोरच्या रस्त्यात आहे आणि आईंना रात्री लांब जावं लागत नाही.

अंतिम नकाशा होण्याआधी मॅडमनी आम्हाला एक काम दिलं होतं, ते तुम्हीही कराच. भाड्याच्या घराच्या गच्चीवर आम्ही खडूने तळमजला खऱ्या मापात आखला, दारं कुठे उघडतात तेही काढलं. कॉट आणि फ्रिजच्या मापाची वर्तमानपत्रं अंथरली आणि त्यातून चालून पाहिलं. फ्रिजचं दार उघडलं की परसाचं दार अडत होतं. खडू पुसून दार दीड फूट सरकवलं. बांधकामात हेच करायला चौकट काढावी लागली असती.

एक गोष्ट आमच्याकडून राहिली. आपली भिंत आणि शेजाऱ्याची भिंत यांत दोन इंचांची फट होती. पहिल्या पावसाळ्यात तिच्यात पाणी उतरलं आणि सोप्याच्या भिंतीला ओल आली. नंतर शेजाऱ्यांशी बोलून फटीवर वरून पत्र्याची पट्टी बसवली, तेव्हा ती थांबली. तुम्ही भिंत गच्चीपर्यंत गेली की लगेच पट्टी मारा, परांची असतानाच काम सोपं पडतं.

आर्किटेक्टकडे जाताना चारही बाजू आणि दोन्ही कर्ण स्वतः मोजून न्या, मोजणी नकाशा जवळ ठेवा आणि रस्त्यातलं चेंबर किती खोल आहे ते बघून ठेवा. पुढे किती जागा सोडायची ते रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. आमच्याकडे पाच फूट सोडले, तुमच्याकडे किती ते नगरपालिकेत विचारा. पहिल्याच भेटीत त्यांना विचारा की जिना कुठे घ्याल आणि का.