‘मोअर’ की ‘ई-आर’? शब्दाची लांबी मोजू नका, शेवट बघा

*“ऐरोलीतल्या एका कंपनीत कस्टमर सपोर्टसाठी लेखी टेस्ट दिली. मराठी मीडियमची आहे. डिग्रीच्या प्रश्नांतच सगळ्यात जास्त मार्क गेले. मोअर ब्यूटिफुल बरोबर, मग मोअर टॉल का चूक? आणि मोअर बेटर तर सगळेच बोलतात की! पुढच्या महिन्यात परत टेस्ट आहे. पाठ न करता लक्षात राहील असं काही आहे का?”*

ताई, पॉझिटिव्ह-कंपॅरेटिव्ह-सुपरलेटिव्हचा तक्ता तुम्हाला शाळेपासून पाठ असणार, तो सोडून देते. तुमचे मार्क तक्त्यामुळे गेलेले नाहीत.

आधी एक चीड काढून टाकते. ठाण्यात स्टेशनजवळच्या एका क्लासच्या झेरॉक्स नोट्स वर्षानुवर्षं फिरताहेत. त्यात एक ‘सोपी ट्रिक’ आहे: स्पेलिंगमध्ये सहा किंवा जास्त अक्षरं असली की मोअर लावा, कमी असली की शेवटी ई-आर. माझाही या ट्रिकवर बराच काळ विश्वास होता आणि तिने माझे भरपूर मार्क खाल्ले. क्लासमध्ये विचारायला गेलं तर “नोट्समध्ये आहे तेच लिहा” एवढंच उत्तर मिळायचं. ती ट्रिक साफ चूक आहे. ‘स्ट्रेट’च्या स्पेलिंगमध्ये आठ अक्षरं आहेत, तरी रूप होतं स्ट्रेटर. ‘बोअर्ड’मध्ये पाचच आहेत, तरी म्हणायचं मोअर बोअर्ड. तुमच्याकडेही त्या नोट्स असतील तर ते पान फाडा.

मोजायचं असतं ते उच्चारातल्या ठोक्यांना, म्हणजे सिलॅबलना. इथे आपल्याला आणखी एक अडचण येते. आपण इंग्रजी शब्द मनात देवनागरीत लिहितो आणि लिहिलेली अक्षरं मोजतो. वाइड, ब्राइट, लाउड, प्राउड हे शब्द आपल्या लिपीत दोन-दोन ठोक्यांचे दिसतात, कारण इ आणि उ सुटे लिहिले जातात. इंग्रजी उच्चारात ते एकाच झटक्यात संपतात. म्हणून वायडर, ब्रायटर, लाउडर. मोअर वाइड लिहिणारी माणसं नियम विसरलेली नसतात, त्यांची मोजणी चुकलेली असते. यावर उपाय म्हणजे तळहात हनुवटीखाली धरून शब्द सावकाश म्हणायचा. हनुवटी जितक्या वेळा हाताला लागेल तितके ठोके. ब्यूटिफुलला तीनदा लागते, वाइडला एकदाच. टेस्ट हॉलमध्ये हे जरा विचित्र दिसेल, पण घरी आठवडाभर केलंत की पुढे हात लागत नाही.

एक ठोका असेल आणि शेवटी बोअर्डसारखा ई-डी जोडलेला नसेल तर ई-आर, म्हणून टॉलर. तीन किंवा जास्त असतील तर मोअर. इथवर गोंधळ नाही. खरी गंमत दोन ठोक्यांच्या शब्दांत आहे, आणि पेपर काढणारे नेमके तेच शब्द उचलतात. तिथे मोजणं उपयोगाचं नाही, शेवट बघायचा.

शेवटी वाय असेल तर ई-आर लागतो आणि वायचा आय होतो: हॅपी-हॅपियर, बिझी-बिझियर, इझी-इझियर. शेवट फुल, लेस, अस, इंग, इश किंवा ई-डी असा जोडलेला तुकडा असेल तर डोळे मिटून मोअर: केअरफुल, यूजलेस, फेमस, बोअरिंग, फूलिश, टायर्ड. ब्यूटिफुलर का चुकतं याचं दुहेरी उत्तर इथेच मिळतं. शब्द तीन ठोक्यांचा आहे, शिवाय शेवटी फुल आहे. फुलला पुढे आणखी ई-आर चिकटवून घेत नाहीत. केअरफुल, यूजफुल, हेल्पफुल, पेनफुल हे दोनच ठोक्यांचे असले तरी मोअरच घेतात. उलट अनहॅपी तीन ठोक्यांचा, पण मूळ शब्द हॅपी असल्यामुळे अनहॅपियर चालतं. म्हणून मी म्हणते, आधी शेवट बघा, मोजणी नंतर.

नॅरो, सिंपल यांना ई-आर लागतो: नॅरोअर, सिंपलर. क्लेव्हर, कॉमन, पोलाइट दोन्ही बाजूंनी चालतात. शंका असेल तर दोन ठोक्यांच्या शब्दाला मोअर लावणं सुरक्षित, पण शेवटी वाय असेल तर नाही. मोअर हॅपी लिहिलंत तर मार्क गेलेच. (मी व्याकरणाची पंडित नाही, आणि एखाद्या कंपनीच्या उत्तरपत्रिकेत कॉमनर चूक धरलं असेल तर त्याला माझा इलाज नाही. ऑक्सफर्डच्या लर्नर्स डिक्शनरीत विशेषणापुढे ही रूपं दिलेली असतात. वाद झालाच तर ती दाखवा.)

स्पेलिंगचं एका वाक्यात: बिग, हॉट, थिन अशा शब्दांत शेवटी एक स्वर आणि एक व्यंजन असेल तर व्यंजन दोनदा लिहायचं. स्वीटसारखे दोन स्वर असतील तर नाही. वाइडच्या शेवटी ई आधीच आहे, तिथे फक्त आर जोडायचा.

आता मोअर बेटर. सगळे बोलतात हे खरं. लोकलमध्ये, ऑफिसात, मॅनेजरच्या मेलमध्येसुद्धा दिसतं. शेकडो वर्षांपूर्वी इंग्रजीतही असं दुहेरी रूप चालायचं. आज प्रमाण इंग्रजीत ते चूकच. आपल्याकडून ते येतं कारण मराठीत आपण ‘अजून चांगलं’, ‘जास्त चांगलं’ म्हणतो. अजून आणि जास्त दोन्हींसाठी डोक्यात मोअर बसलेलं, आणि चांगलंसाठी बेटर. दोन्ही वाक्यात येतात आणि तुलना दोनदा होते. बेटरमध्ये तुलना आधीच आहे. त्याला जोर द्यायचा असेल तर वेगळे शब्द लागतात. ‘अजून चांगलं’ असेल तर ईव्हन बेटर. ‘खूप चांगलं, त्या मानाने’ असेल तर मच बेटर किंवा फार बेटर, म्हणजे इंग्रजीतला फार. ‘जरा बरं’ असेल तर अ बिट बेटर. व्हेरी बेटर चालत नाही. व्हेरी गुड बरोबर, पण बेटरशी व्हेरीचं जमत नाही. हे चार-पाच तुकडे तोंडात बसवलेत तर मोअर बेटर आपोआप जाईल. नुसतं “चूक आहे, चूक आहे” घोकून ते जात नाही, कारण तो जोर द्यायची गरज तशीच राहते.

याच जातीची दुसरी खोड म्हणजे दॅनच्या जागी फ्रॉम. ‘माझ्याहून उंच’मधल्या हूनचं फ्रॉम होतं: टॉलर फ्रॉम मी. पेक्षा असो की हून, तुलना असेल तर दॅन. अपवाद सिनिअर, ज्युनिअर आणि प्रिफर, त्यांना टू लागतो.

अनियमित रूपांत गुड-बेटर-बेस्ट कोणी चुकत नाही. चुकतं बॅड-वर्स-वर्स्ट. बेटरच्या शेवटी ई-आर ऐकू येतो म्हणून तो तुलनेचा शब्द वाटतो. वर्सच्या शेवटी तसं काही नाही, म्हणून लोक त्याला साधा ‘वाईट’ समजून पुढे मोअर लावतात, नाहीतर वर्सर बनवतात. दुसरं म्हणजे कानाचा घोळ. वर्स्टनंतर लगेच व्यंजन आलं, जसं वर्स्ट केस, तर बोलताना ट गळतो आणि ऐकू येतं वर्स केस. मग लिहिताना तेच उतरतं. लिहिताना दोन खुणा बघा: पुढे दॅन असेल तर वर्स, मागे द असेल तर वर्स्ट. या दोन खुणांवर बहुतेक प्रश्न सुटतात.

एक नमुना घेऊ. सोसायटीच्या ग्रुपवर अशी तक्रार नेहमी येते:

“द रोड इज मोअर वर्स फ्रॉम लास्ट मंथ. इट इज वन ऑफ द वर्स पॅच ऑन घोडबंदर रोड. द सर्व्हिस रोड वॉज व्हेरी बेटर अँड मोअर सेफ. प्लीज मेक इट मोअर बेटर.”

पहिल्या वाक्यात मोअर काढा आणि फ्रॉमचं दॅन करा: वर्स दॅन लास्ट मंथ. दुसऱ्यात मागे द आहे म्हणून वर्स्ट. शिवाय वन ऑफ द आलं की पुढचं नाम अनेकवचनी हवं, कारण अनेकांतला एक असा अर्थ आहे. म्हणून वन ऑफ द वर्स्ट पॅचेस. हा एस विसरणं ही टेस्टमधली सगळ्यात स्वस्तात मार्क घालवणारी चूक, आणि विशेषणाकडे बघत बसल्यामुळे नामाकडे लक्षच जात नाही. तिसऱ्यात व्हेरीच्या जागी मच, आणि सेफ एका ठोक्याचा म्हणून सेफर: मच बेटर अँड सेफर. शेवटच्या वाक्यात नुसतं मेक इट बेटर पुरे.

मोअर एका ठोक्याच्या शब्दालाही लागतं अशी आणखी एक जागा आहे, आणि कठीण पेपरात ती विचारतात. दोन माणसांची तुलना नसून एकाच माणसाच्या दोन गुणांची असेल तेव्हा: शी वॉज मोअर सॅड दॅन अँग्री, म्हणजे रागापेक्षा दुःख जास्त होतं. इथे सॅडर लिहिलं की चूक.

राहिलं ओल्ड. ठाणे नवी मुंबईपेक्षा जुनं, तर ओल्डरच. एल्डर घरातल्या माणसांपुरतं, माय एल्डर ब्रदर, आणि त्याच्यापुढे दॅन येत नाही. भाऊ माझ्यापेक्षा मोठा आहे हे सांगायचं तर ही इज ओल्डर दॅन मी.

टेस्टमध्ये ‘चेंज द डिग्री’ आलं तर आणखी एक लक्षात ठेवा. द टॉलेस्ट बॉय इन द क्लासचं कंपॅरेटिव्ह करताना टॉलर दॅन एनी अदर बॉय इन द क्लास लिहायचं. यातला अदर गाळलात तर तो मुलगा स्वतःपेक्षाही उंच ठरतो. त्याच वाक्याचं पॉझिटिव्ह होतं नो अदर बॉय इन द क्लास इज अ‍ॅज टॉल अ‍ॅज ही इज, तिथेही अदर हवाच. तुमचा पेपर हाताशी असेल तर चुकलेली वाक्यं इथे टाका, कुठे घसरलंय ते सांगते.