वालाच्या शेंगांचा काही गुन्हा नाही

प्रश्न: माझ्या मुलाला जी-सिक्स-पीडी कमतरता निघाली आहे. त्याला वाल, पावटे, घेवडा कायमचं बंद करायचं का? आणि कोणती औषधं चालत नाहीत?

वाल खाऊ द्या. पावटेही द्या. भीती आहे ती बाकल्याची, ज्याला इंग्रजीत फावा बीन किंवा ब्रॉड बीन म्हणतात. जाड शेंग असते, आत कापसासारखं पांढरं अस्तर आणि मोठ्या चपट्या बिया. उत्तरेकडे तिची भाजी होते. आमच्या नागपुरात कॉटन मार्केटला थंडीत जे वाल ढिगानं येतात त्यांच्याशी तिचं नातं दूरचं आहे. कुटुंब एक, पण जात वेगळी. बाकल्यात व्हायसिन आणि कॉन्व्हायसिन नावाची द्रव्यं असतात. पोटात गेल्यावर त्यांचं जे बनतं ते तांबड्या पेशींना आतून जाळतं, आणि जी-सिक्स-पीडी, म्हणजे पेशींना त्यापासून वाचवणारं एन्झाइम, कमी असेल तर त्या फुटतात. ही करामत बाकल्याची आहे, वालाची नाही. पाकिटातल्या तळलेल्या बियांवर मात्र नाव वाचून घ्या.

हे मी एवढ्या तावातावानं लिहितोय कारण आमच्या घरात बारा वर्षांपासून वालावर खटला चालू आहे.

2013 मध्ये मी बँकेच्या धानोरा शाखेत होतो, गडचिरोली जिल्ह्यात. नोव्हेंबरात थंडी वाजून ताप आला, तपासणीत व्हायवॅक्स मलेरिया निघाला. हिमोग्लोबिन तेव्हा 13.1 होतं. सुटी टाकून नागपूरला आलो. इथल्या एका दवाखान्यात क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन 15 मिलिग्रॅम रोज, चौदा दिवस, असं लिहून मिळालं. जी-सिक्स-पीडी तपासली का, हे कोणी विचारलं नाही. मलाही शब्द माहीत नव्हता.

शनिवारी गोळ्या सुरू केल्या. रविवारी ताईकडे जेवलो, वांगी आणि वालाच्या शेंगांची भाजी होती. मंगळवारी सकाळी लघवी पाहिली तर बिनदुधाच्या काळ्या चहासारखी. कंबर दुखत होती, आणि ताईच्या दुसऱ्या मजल्यावर चढताना मधल्या पायरीवर बसावं लागलं. डोळे पिवळे.

भाऊजींनी एका नजरेत निदान केलं: कावीळ. संध्याकाळी गळ्यात काविळीची माळ पडली. मी म्हटलं, गोळ्या बंद करतो, डॉक्टरला फोन लावतो. तर म्हणाले, "काहून सोडतो बे? कोर्स अर्धा सोडला का मलेरिया डबल येते. पुरा कर." मी ऐकलं. मंगळवार, बुधवार आणखी दोन डोस घेतले. माझ्या मते आयुष्यातली ती सर्वांत महाग आज्ञाधारकता.

गुरुवारी हिमोग्लोबिन 7.6.

त्या दिवशी ज्या मॅडमनी रक्त पाहिलं त्यांनी तीन गोष्टी दाखवल्या. बिलिरुबिन वाढलेलं, पण जवळपास सगळं अप्रत्यक्ष प्रकारचं आणि यकृताची एसजीपीटी नॉर्मल. म्हणजे बिघाड यकृतात नाही. लघवीच्या पट्टीवर रक्त भरपूर, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबडी पेशी एकही नाही. म्हणजे पेशी आधीच फुटल्यात आणि लघवीत उतरतंय ते नुसतं हिमोग्लोबिन. आणि काचेवर ज्या पेशी दिसत होत्या त्यातल्या काहींच्या कडेचा लचका तोडल्यासारखा तुकडा गायब. "पोळीला उंदरानं कुरतडावं तशा," त्या म्हणाल्या. प्रायमाक्विन तिथल्या तिथे बंद. सलाईन, फॉलिक अॅसिड, रोज हिमोग्लोबिन. रक्त चढवायची वेळ आली नाही.

आता खरी गोम ऐका, कारण तुमच्या मुलाच्या रिपोर्टशी तिचा संबंध आहे. पुढच्या आठवड्यात जी-सिक्स-पीडीची तपासणी झाली आणि ती काठावर का होईना, नॉर्मल आली! भाऊजींनी तो कागद जपून ठेवलाय. मॅडमनी मात्र सांगितलं होतं की तीन महिन्यांनी पुन्हा करा, आजचा आकडा खोटा आहे. तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, त्यामुळे हे एन्झाइम तिला नव्यानं बनवता येत नाही. जन्मताना जेवढी शिदोरी मिळाली तेवढ्यावर सुमारे 120 दिवस काढायचे, आणि आमच्यासारख्यांची शिदोरी लवकर संपते. म्हणून औषधाचा तडाखा बसतो तेव्हा म्हाताऱ्या पेशी आधी फुटतात. मागे उरतात त्या तरण्या, वर मज्जेतून आणखी नव्या येतात. तपासणीच्या नळीत सगळी तरुण मंडळी असल्यावर आकडा चांगला येणारच. फेब्रुवारीत पुन्हा केली तेव्हा नॉर्मलच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी निघाली.

हा कागद भाऊजी पाहत नाहीत. त्यांचं म्हणणं, दोष वालाचा, "तुले सोसले नाई." वाल मी त्यानंतर दर हिवाळ्यात खातो. काही झालेलं नाही. प्रायमाक्विन एकदाच पुन्हा घ्यावं लागलं, कारण कोर्स सुटल्यामुळे मलेरिया एप्रिलमध्ये उलटला (इथे भाऊजी बरोबर होते, मान्य करतो). पण तेव्हा रोज नाही, आठवड्यातून एकदा 45 मिलिग्रॅम, आठ आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीत आणि रक्त तपासत. दोन डोसांच्या मधल्या दिवसांत नव्या पेशी भरून येतात, म्हणून ते निभावलं. स्वतःच्या मनानं असलं काही करू नका.

औषधांचं: प्रायमाक्विन आणि टाफेनोक्विन, कुष्ठरोगाच्या गोळ्यांमधलं डॅप्सोन, लघवीच्या जंतुसंसर्गाला देतात ते नायट्रोफ्युरँटोइन, मेथिलीन ब्लू, रासब्युरिकेस. यांच्या आधी डॉक्टरांना सांगायचंच. तापाला नेहमीच्या डोसमध्ये पॅरासिटामॉल चालतं. घरातल्या डांबराच्या गोळ्या आजच फेका. थंडीत ट्रंकेतून काढलेलं गोधडं, स्वेटर थेट लेकराच्या अंगावर घालू नका, आधी धुवा. आणि नुसत्या जोरदार इन्फेक्शननंही पेशी फुटतात, त्यामुळे तापात लघवीचा रंग बघत जा.

हे सगळं माझ्या प्रकारापुरतं बघून सांगतोय. या कमतरतेच्या जाती अनेक. काहींत तरुण पेशीही रिकाम्याच असतात, तिथे त्रास जास्त आणि औषधांची यादी कडक. काही मुलांना नेहमीच थोडी कावीळ असते. तुमचा आकडा किती आला ते लिहिलं असतं तर बरं झालं असतं. तुमच्या पत्नीच्या माहेरचे पुरुष विचारा, दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. आमच्याकडे मोठ्या मामाला लहानपणी लाल लघवी व्हायची, आईला आठवत होतं, कोणी विचारलंच नव्हतं तिला.

तोच दोष ताईत असण्याची शक्यता निम्मी, आणि तिच्यातून भाच्यात आला असण्याची त्याच्याही निम्मी, म्हणजे चारात एक. पाच वर्षांपासून सांगतोय, त्याची तपासणी करा. झालेली नाही. या जूनमध्ये त्याची वनविभागाची पोस्टिंग त्याच गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्लीला लागली. परवा भाऊजींचा फोन आला, म्हणाले, "काळजी नको करू बाबू, तिकडे वाल खाऊ नको म्हणून सांगून धाडलं त्याले."