दहाच का, आणि त्या दहांतून काय सांगायचं

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. दशावतारांवरच्या कीर्तनाचं तुझं टिपण वाचलं. पूर्वरंगात तू उत्क्रांतीचा सिद्धांत घातला आहेस: आधी पाण्यातला मासा, मग पाण्याजमिनीवरचं कासव, मग डुक्कर, मग अर्धा माणूस, मग बुटका माणूस. ऐकायला हे झकास वाटतं आणि टाळ्याही मिळतील, पण ते काढून टाक. मत्स्याची गोष्ट सुरू होते तेव्हा मनू हजर असतो, आणि तो पुरता माणूस आहे. परशुराम रामाला भेटतो, पुढे भीष्माशी लढतो, कर्णाला अस्त्रं शिकवतो. एक संपला की दुसरा आला, अशी ही ओळ नाहीच. ही सांगड एकोणिसाव्या शतकात घातली गेली. पुराणकारांच्या डोक्यात ती नव्हती.

मग दहाच का? भागवताच्या पहिल्या स्कंधात बाविसाची यादी आहे आणि तिथेच पुढे म्हटलं आहे की अवतार असंख्य आहेत. गीतेत ‘संभवामि युगे युगे’ आहे, पण आकडा नाही. महाभारताच्या नारायणीय भागातल्या एका पाठात दहा नावं येतात, पण त्यांत पहिला हंस आहे आणि बुद्ध नाही. मत्स्यपुराणाची तर गंमतच आहे. भृगूच्या शापामुळे विष्णूला माणसांत सात जन्म घ्यावे लागतात आणि त्याआधीचे दिव्य तीन, असे दहा होतात. त्या दहांत दत्तात्रेय, मांधाता, व्यास आहेत, मासा मात्र नाही! म्हणजे दहा हा आकडा धरून ठेवला गेला आणि आतली नावं बरीच वर्षं बदलत राहिली. आपल्याकडे दहाचं कारण आरतीतच सांगितलं आहे: ‘अंबऋषीकारणे गर्भवास सोशीसी’. दुर्वासाने अंबरीषाला दिलेला शाप देवाने स्वतःवर घेतला आणि त्याच्यासाठी दहा गर्भवास सोसले. भागवतातल्या अंबरीषाच्या कथेत हा भाग नाही; तिथे सुदर्शनचक्र दुर्वासाच्या मागे लागतं, एवढंच. पण कीर्तनकाराला आरतीतलं कारण जास्त उपयोगी आहे, कारण ते श्रोत्यांना पाठ असतं. फक्त ‘शास्त्रात असं आहे’ असं ठोकून सांगू नकोस, ‘परंपरा असं सांगते’ म्हण.

आता अर्थाकडे येतो. तू प्रत्येक अवताराला एकेक गुण चिकटवला आहेस: मत्स्य म्हणजे ज्ञान, कूर्म म्हणजे स्थैर्य, वगैरे. त्यापेक्षा प्रत्येक ठिकाणी नेमकी अडचण काय होती ते आधी विचार. रूप त्या अडचणीतूनच निघतं. मंदार पर्वत समुद्रात खचू लागला, खाली टेकू हवा होता, म्हणून कासवाची पाठ. पृथ्वी पाण्यात बुडाली, ती उकरून वर काढायची होती, म्हणून वराहाचे सुळे. हिरण्यकशिपूने तर ब्रह्मदेवाकडून सगळे दरवाजे बंद करून घेतले होते: माणूस नको, पशू नको, दिवस नको, रात्र नको, घरात नको, बाहेर नको, जमिनीवर नको, आकाशात नको, शस्त्र नको. तेव्हा सिंहाचं तोंड आणि माणसाचं धड, संध्याकाळची वेळ, उंबरठा, मांडी आणि नखं. वराच्या एकाही शब्दाला धक्का लागत नाही. देव स्वतःच्याच व्यवस्थेने दिलेला शब्द मोडत नाही, हे नरसिंहाचं मर्म आहे. तुझ्या टिपणात मात्र नुसती गर्जना आहे.

मत्स्याच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम वाचून ठेव. शतपथ ब्राह्मणात मनू सकाळी हात धूत असताना पाण्याबरोबर एक इवलासा मासा त्याच्या हातात येतो आणि म्हणतो, मला सांभाळ, मी तुला तारीन. मनू त्याला आधी भांड्यात, मग खड्ड्यात, मग समुद्रात ठेवतो. पूर येतो तेव्हा नाव त्याच माशाच्या शिंगाला बांधली जाते. तिथे विष्णूचं नावही नाही. महाभारताच्या वनपर्वात तोच मासा सांगतो, मी प्रजापती ब्रह्मा. भागवतात तो विष्णू होतो. कासव आणि वराहही ब्राह्मणग्रंथांत प्रजापतीकडेच होते, ते नंतर विष्णूकडे आले. वामन मात्र पहिल्यापासून त्याचाच: ऋग्वेदात तीन पावलं टाकणारा विष्णूच आहे आणि शतपथात वामनही तोच. सांभाळण्याचं काम ज्याच्याकडे, त्याच्याकडे तारण्याच्या जुन्या कथा वाहत आल्या, असं मी समजतो.

उत्तररंगासाठी आख्यान लावायचं तर बळीचं लाव. नरसिंहाने ज्याला वाचवलं त्या प्रल्हादाचा हा नातू. तो दुष्ट नाही, हीच इथली अडचण आहे. त्याने स्वर्ग जिंकला आहे, पण तो दाता आहे, शब्दाचा पक्का आहे. त्याला मारायचं कोणत्या तोंडाने? म्हणून देव याचक होतो, आणि याचक नेहमी लहानच असतो. तीन पावलं जमीन मागतो. शुक्राचार्य ओळखतात, बळीला बजावतात, नाही म्हण, हा विष्णू आहे. बळी म्हणतो, दिलेला शब्द फिरवणार नाही. दोन पावलांत सगळं संपतं, तिसऱ्यासाठी तो डोकं पुढे करतो. इथे कथा संपवू नकोस, बहुतेक जण इथेच संपवतात. भागवतात पुढे बळीला सुतलाचं राज्य मिळतं, पुढच्या मन्वंतरात इंद्रपद मिळायचं ठरतं आणि देव त्याच्या दाराशी राखणदार म्हणून उभा राहतो. घेणारा द्वारपाल झाला, याचा अर्थ श्रोत्यांना लावू दे.

परशुराम, राम, कृष्ण या तिघांवर तुला माझी गरज नाही. एवढंच लक्षात ठेव की इथून पुढे वर आणि चमत्कार मागे पडतात आणि माणसाच्या पेचात सापडलेला देव दिसतो: परशुरामाचा बापाच्या हत्येवरचा राग आटोक्यात राहत नाही, रामाला वचनापायी राज्य सोडावं लागतं, कृष्ण युद्धात हत्यार न धरण्याचं कबूल करून सारथी होतो. आणि ‘गीतगोविंद’ लिहिणाऱ्या जयदेवाच्या यादीत आठवा कृष्ण नसून बलराम आहे. तिथे कृष्ण हा दहाही रूपं घेणारा. कोणी हटकलं तर गोंधळू नकोस.

नवव्या जागी सांभाळून बोल. भागवत म्हणतं, असुरांना मोहात पाडण्यासाठी बुद्ध आला. बाराव्या शतकातला जयदेव त्याच बुद्धाला यज्ञातल्या पशुहत्येची निंदा करणारा करुणामय म्हणून वंदन करतो. एकाच नावाचे हे दोन अर्थ एकमेकांशी जुळत नाहीत, आणि तू ते जुळवत बसू नकोस. शिवाय बुद्धाला मानणाऱ्यांना ही जागा मान्य नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत, बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही, अशी स्पष्ट प्रतिज्ञा आहे. सभेत असे श्रोते बसलेले असू शकतात. ही वैष्णवांनी केलेली मांडणी आहे, असं सांगून पुढे जा. आपल्याकडच्या जुन्या चित्रांत नवव्या जागी विठ्ठल उभा दिसतो, ते हवं तर सांग.

कल्कीला तू तीन पानं दिली आहेस. त्यातलं घोड्याचं वर्णन, शंभल गाव आणि विष्णुयशाचं घर एवढं ठेव, बाकीचं काप. तो अजून यायचा आहे, त्यामुळे तिथे सांगायला कथा नाही, आणि आजच्या बातम्या त्याला जोडायचा मोह तर अजिबात नको.

बळीचं आख्यान नव्याने लिहून पाठव. शुक्राचार्यांचं बोलणं नीट लाव, ते खलनायक वाटता कामा नयेत. त्यांचा सल्ला व्यवहाराच्या दृष्टीने बरोबरच होता.

तुझा,
दादा