रिकामा दिवस कोणाच्या नावावर?

"ताई, आम्ही परदेशात राहतो. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत २६ दिवस घरी जाणार आहोत. मागच्या वर्षी बावीस घरी गेलो आणि सुट्टी संपेपर्यंत मुलं हाताबाहेर गेली. धाकटा तर एका घरी पलंगाखाली जाऊन बसला, बाहेरच येईना. या वर्षी थोडे दिवस आरामाचे ठेवायचे म्हटलं, तर आई म्हणते, लोक काय म्हणतील. कोणाला दुखवायचं नाही, पण मुलांचेही हाल करायचे नाहीत. नाही म्हणायचं तरी कसं?"

समुपदेशक म्हणून अशी पत्रं मला दर वर्षी सुट्टीच्या तोंडावर येतात. या ताईंबरोबर मी व्हिडिओ कॉलवर चार वेळा बोलले. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. लिहायला परवानगी त्यांनीच दिली.

पहिल्या भेटीत मी "नाही कसं म्हणायचं" या प्रश्नाला हातच घातला नाही. मागच्या वर्षीचे फोनमधले फोटो काढायला सांगितले. फोटोवर तारीख असते, वेळ असते. माणूस सुट्टी आठवतो ती चांगली किंवा वाईट, फोटो मात्र ती तासातासाने आठवतात. दोघींनी बसून कागदावर २६ चौकोन आखले आणि भरत गेलो. कुठेही न गेलेले दिवस निघाले फक्त तीन. त्या तीनही दिवशी मुलाला ताप होता. म्हणजे आराम मिळाला तो आजारपणाने मिळवून दिला.

मग मुलांचे मोठे बिनसण्याचे प्रसंग लाल पेनाने लिहिले. चार निघाले. त्यातले तीन सलग तिसऱ्या दिवशीच्या भेटीतले, चौथा आदल्या रात्री अकराला घरी परतल्यानंतरचा. हाच पलंगाखालचा प्रसंग, आणि तो सलग पाचव्या दिवसाचाही होता. ताई बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. "मला वाटत होतं, त्याला माणसांची सवयच नाही," असं म्हणाल्या. हे वाक्य मी फार ऐकते, बहुतेक वेळा नातेवाइकांच्या तोंडून. सवयीचा भाग असतोही, पण पाच वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत १० ते १३ तास झोप लागते आणि नऊ वर्षांच्या मुलीला ९ ते १२. रात्री अकराला परत येऊन सकाळी सहाला घर जागं होत असेल, तर हिशोब तिथेच चुकतो.

पहिल्या आठवड्याचं गणित त्याहून वेगळं आहे, आणि त्यात सगळेच फसतात. हे कुटुंब पूर्वेकडे प्रवास करून येतं, घड्याळात साडेनऊ तासांचा फरक. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं, त्यातही पूर्वेकडे आलं की सावकाश. म्हणजे उतरल्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता मुलाचं शरीर पहाटे साडेचारला असतं. जेवायला बोलावलेल्या घरी ते ताटावर पेंगतं आणि "याला काही आवडतच नाही वाटतं" असं ऐकून घेतं. रात्री आठ वाजता तेच मूल सकाळी साडेदहाचं असतं! मग ते नाचतं, गप्पा मारतं, आणि यजमान म्हणतात, "बघा, कसं ताजंतवानं आहे, उगाच झोपेचं कौतुक करता." त्या भरात अकरा वाजतात आणि पहाटे तीनपर्यंत घरात कोणीच झोपत नाही. पहिल्या पाच-सहा दिवसांत रात्रीची बोलावणी सगळ्यांत सोपी वाटतात आणि सगळ्यांत महाग पडतात.

म्हणून पहिले पाच दिवस कुठेच जायचं नाही असं ठरलं. दुपारची झोप तास-दीड तासावर उठवून संपवायची, अगदी रडलं तरी. त्यानंतर चार ते सहा बाहेर उजेडात, अंगणात किंवा रस्त्यावर चालायला. दुपारनंतरचा उजेड इतक्या फरकाच्या पूर्वेकडच्या प्रवासात घड्याळ पुढे ओढायला मदत करतो. रात्री नऊनंतर दिवे मंद आणि फोन बाजूला. झोप आली नाही तरी अंथरुणातच, गोष्ट ऐकत. झोपेचं औषध किंवा मेलाटोनिन मुलांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, हे मी दोनदा सांगितलं, कारण कोणीतरी त्यांना "आम्ही देतो, काही होत नाही" म्हटलं होतं.

दुसऱ्या भेटीला मी त्यांच्या आईंना बोलवायला सांगितलं. ताई कचरल्या. त्यांना वाटत होतं, अडथळा आईच आहे. आमंत्रणं आईच्या फोनवर येतात, आई "हो, नक्की पाठवते" म्हणते, आणि लेकीला ते विमानातून उतरल्यावर कळतं.

आजी आल्या, पदर सावरून बसल्या आणि मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, "तुम्ही मला कमी बोलावणी घ्यायला सांगणार ना? तुमचं बरं आहे. ही २६ दिवसांनी निघून जाईल. मग लग्नाकार्यात मला ऐकावं लागतं, लेक मोठी झाली हो, आमच्याकडे यायला वेळ नाही तिला."

या प्रकरणात मला जे काही कळलं ते या एका वाक्यातून कळलं. नकाराची किंमत लेक देत नव्हती, आई देत होती. लेकीने कितीही गोड शब्दांत नाही म्हटलं असतं, तरी बिल आईच्याच नावावर फाटणार होतं. मग शब्द शिकवून काय होणार?

मी आजींना एकच विचारलं. "या बावीस घरांपैकी कोणाकडे गेलं नाही, तर तुम्हाला वर्षभर ऐकावं लागेल?" त्यांनी बोटांवर मोजलं. चार. "आणि कोणाकडे तुम्हालाच मनापासून न्यायचंय?" एक, त्यांची लहानपणची मैत्रीण, जी मागच्या वर्षीच्या बावीसांत नव्हतीच! उरलेल्या अठरांबद्दल त्या म्हणाल्या, "बोलवायला हवं म्हणून बोलावतात. त्यांनाही दगदगच."

यावरून बेत झाला. चार घरं ६, ८, १३ आणि १५ व्या दिवशी. दहाव्या दिवशी आजींच्याच घरी सगळ्यांना एकत्र, संध्याकाळी चार ते सात. मैत्रिणीकडे आजीने लेकीला एकटीला न्यायचं, मुलं आजोबांपाशी. एकत्र बोलावण्याचा फायदा नुसती संख्या कमी होण्यात नाही. परक्या घरी दमलेल्या मुलाला जायला जागा नसते, म्हणून ते पलंगाखाली जातं. स्वतःच्या आजीच्या घरी आतली खोली असते. त्या खोलीत अंथरूण, ओळखीची दोन खेळणी ठेवायची आणि मुलांना आधीच सांगायचं की नमस्कार करून झाला की हवं तेव्हा तिथे जाता येईल, विचारायची गरज नाही. तिथे पाहुण्यांनी डोकवायचं नाही, एवढं आजोबांनी बघायचं.

बाकीच्यांना उत्तर आजींनीच द्यायचं आणि त्यात नकाराबरोबर तारीख असायची: "त्या दिवशी मुलं घरी आहेत, पण रविवारी चारला तुम्ही सगळे माझ्याकडे या." आजींना आधी "मुलांना बरं नाही" सांगायचं होतं. मी नको म्हटलं. चौकशीचा फोन येतो, औषध घेऊन कोणीतरी दारात उभं राहतं, आणि पुढच्या वर्षी खरंच ताप आला तर कोणाला पटत नाही.

नवऱ्याच्या घरचे आठ दिवस हा वेगळाच गुंता होता. मागच्या वर्षी पहिला आठवडा तिकडे गेला आणि सासूबाईंच्या मनात राहिलं की नातवंडं माझ्याकडे नुसती झोपायला येतात. दिवस दोन्हीकडे सारखे वाटून घेतले की न्याय झाला असं नवराबायकोला वाटतं, पण पहिले पाच दिवस आणि शेवटचे पाच दिवस यांचं वजन एक नसतं. या वर्षी मुलं जागेवर आल्यावर, १६ व्या दिवशी तिकडे जायचं ठरलं. सासूबाईंना हे नवऱ्याने सांगायचं. सुनेने सांगितलं असतं तर तेच वाक्य वेगळं ऐकू आलं असतं.

थोरलीचं पोट दुखायचं, ते मात्र मी डॉक्टरांकडे पाठवलं. बाहेर जायच्या आधीच दुखतं, रद्द झालं की थांबतं, हे ताणाचं लक्षण असू शकतं. पण दुखण्याने रात्री जाग येत असेल, उलट्या, ताप किंवा वजन घटणं असेल, तर समुपदेशकाने त्यावर बोलत बसू नये. तिला तसं काही नव्हतं. ती मला म्हणाली, "सगळे एकदम प्रश्न विचारतात आणि मला मराठीत पटकन येत नाही, मग सगळे हसतात." तिच्यासाठी आजीने एक काम ठरवून दिलं. आल्यागेल्यांना पाणी द्यायचं आणि लहान भावंडांना खेळ शिकवायचा. हाताला काम असलं की प्रश्नांना एका शब्दात उत्तर देऊनही चालतं.

बेत तंतोतंत पार पडला नाही. बाराव्या दिवशी, ठरवून ठेवलेल्या रिकाम्या दिवशी, एक काका "वाटेवरच होतो, पाच मिनिटं" म्हणत पाच माणसांसह आले आणि अडीच तास बसले. ही चूक माझी. रिकामा दिवस म्हणजे बाहेर जायचं नाही एवढंच मी सांगितलं होतं, आत कोणी आलं तर काय, हे बोललेच नव्हते. ताईंचा रात्री मेसेज आला. उत्तर साधं होतं: आलेल्या माणसांना आजी-आजोबांनी भेटायचं, मुलांनी नमस्कार करून आत जायचं, ताईंनी दहा मिनिटांनी त्यांच्यामागे. पाहुण्यांचा मान राहतो आणि मुलांचा दिवसही.

हे सगळं तेव्हा चालतं जेव्हा नवराबायकोचं आधी एकमत असतं. त्यांच्यातच धुसफूस असेल, तर आधी ती. आणि घरात नुकतंच कोणी गेलं असेल किंवा कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर असे चौकोन आखत बसू नये. तिथे जावंच लागतं. मूल परत गेल्यावरही तीन-चार आठवडे नीट झोपत नसेल, शाळेतही माणसांपासून लपत असेल, तर सुट्टीला दोष देऊन थांबू नका.

चौथी भेट ते परत गेल्यावर झाली. धाकट्याचं दोनदा बिनसलं, दोन्ही वेळा तो आतल्या खोलीत जाऊन वीस मिनिटांनी बाहेर आला. आजी कॉलवर होत्या. त्यांना विचारलं, रिकाम्या दिवशी तुम्ही काय केलंत? "झोपले," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षी बावीस घरी मीही गेले होते ना. मला कोण विचारतंय."

आणि एक घर रुसलंय, अजून फोन घेत नाही. कोण, ते मी विचारलं. आजी हसल्या. "ते मागच्या वर्षी जाऊन आलो तेव्हाही रुसलेच होते, उशिरा आलो म्हणून."