दोनच ट्रॅव्हल्स, तरी तिकीट ७५० का?

"सर, मी बी.ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या तालुक्याहून पुण्याला रात्री दोनच ट्रॅव्हल्स जातात. पुस्तकात वाचलं की विक्रेते कमी असले की भाव चढे असतात, पण इथं तिकीट ७५०च. काका म्हणतात, कर्ज काढून तिसरी गाडी टाकू. मी एम.ए. करू की गाडी बघू?"
– एक विद्यार्थी, जिल्हा लातूर

गाडीचा हिशोब आधी करू, एम.ए.चं उत्तर त्यातूनच निघेल. खाली काही आकडे मी धरून चाललो आहे. खरे आकडे काकांनी एखाद्या ड्रायव्हरकडून काढावेत.

समजा डिझेल, टोल, पगार, हप्ता धरून एका फेरीला १८,००० रुपये लागतात आणि रोज रात्री पुण्याला जाणारे ५० प्रवासी आहेत. दोन गाड्यांत २५-२५ बसले तर माणशी खर्च ७२० येतो. म्हणजे ७५० मध्ये त्या दोघांनाही फार काही सुटत नाही. आता तुमची तिसरी गाडी आली आणि प्रवासी सारखे वाटले गेले, तर माणशी खर्च जवळपास १,०८० वर जातो. तिकीट ७५०च राहिलं तर फेरीमागे साडेपाच हजारांचा खड्डा, आणि बँकेचा हप्ता ठरल्या तारखेला.

इथं खरा प्रश्न उभा राहतो. तिकीट हजार केलं तरी रोजची तिसरी गाडी टिकत नाही, मग ते दोघे ७५० वर का थांबलेत? नवा माणूस येऊ नये इतपतच भाव ठेवणं, याला लिमिट प्रायसिंग म्हणतात. जो बेन यांनी १९४९ मध्ये ते मांडलं. त्या हिशोबाने त्यांना भाव चढवायला अजून बरीच जागा आहे. एसटी आणि रेल्वेमुळे थोडा चाप बसतो, पण माझ्या मते त्यांना धास्ती आहे ती दुसऱ्या लाइनवरच्या मालकांची. त्यांच्याकडे गाडी आहे आणि टुरिस्ट परमिट एका रस्त्याला बांधलेलं नसतं. इथं भाव चढला की शुक्रवारी गाडी इकडे वळवायची, सोमवारी परत न्यायची. बुडालं तर बोर्डाचे आणि एजंटच्या कमिशनचे पैसे, एवढंच.

बॉमोल, पांझार आणि विलिग यांनी १९८२ मध्ये कंटेस्टेबल मार्केटचा सिद्धांत मांडला तो हाच. विक्रेते किती यापेक्षा, बाहेर पडताना घातलेला पैसा किती परत मिळतो, हे महत्त्वाचं. साखर कारखान्याचं उलट आहे. तिथली यंत्रं उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत, शिवाय महाराष्ट्रात दोन कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतराची अट आहे.

पण हा सिद्धांत जसाच्या तसा घेऊ नकोस. नव्या विक्रेत्याला ग्राहक मिळेपर्यंत जुन्याला भाव पाडता येत नाही, असं त्यात गृहीत आहे. ॲपवर तर तिकीट पाच मिनिटांत बदलतं. अमेरिकेत १९७८ मध्ये विमानसेवा खुली झाली, तेव्हा विमान कुठेही नेता येतं म्हणून तोच बाजार या सिद्धांताचं उत्तम उदाहरण मानला गेला. पुढच्या अभ्यासांत दिसलं की मार्गावर प्रत्यक्ष उडणाऱ्या कंपन्या वाढल्या की भाडं उतरतं. नुसत्या धास्तीने तेवढं होत नाही.

तुमच्या लाइनवर काय चाललंय ते तपासता येईल. दिवाळी धरून दोन-तीन महिने रोजचं तिकीट वहीत लिही. गर्दीत भाव चढला, बाहेरच्या गाड्या आल्या आणि भाव उतरला, तर बाजार खरंच खुला आहे. भाव चढूनही कोणी आलं नाही, तर अडथळा शोध. तो बहुधा एजंटांशी असलेल्या बांधिलकीत किंवा गाडी उभी करायच्या जागेत सापडेल. नवा आला की तिकीट खर्चाच्याही खाली आणि तो गेला की पुन्हा वर, असं दिसलं तर ते नव्याला हुसकावणं आहे. एक सावधगिरी: शासनाने २०१८ मध्ये खासगी बसभाड्याला एसटीच्या दीडपटीची कमाल मर्यादा घातली. भाव तिथेच अडकलेला दिसला, तर ते स्पर्धेमुळे आहे असं समजू नकोस.

म्हणून काकांना सांग, कर्ज काढून गाडी नको. हौसच असेल तर फक्त शुक्रवार-रविवार भाड्याच्या गाडीवर करून बघा. नाही जमलं तर थांबता येईल.

तू एम.ए. कर. औद्योगिक अर्थशास्त्र आणि अर्थमिती हे विषय मिळतील असं विद्यापीठ निवड. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. शिवाय स्पर्धा कायदा, २००२ नुसार एखाद्या कंपनीचं वर्चस्व ठरवताना स्पर्धा आयोगाला प्रवेशातले अडथळेही बघावे लागतात, आणि त्या कामाला अर्थशास्त्राची माणसं लागतात. एम.ए.च्या प्रकल्पासाठी ही तिकिटांची वही वापर. त्यासाठी आजपासूनच लिहायला लाग.